'डिसीज' शब्द सासूबाईंच्या रिपोर्टमधे, मग आधी दाखवायचं कुणाला?

"आमच्या घरात एकाच महिन्यात दोन सोनोग्राफी झाल्या. सासूबाई 64 वर्षांच्या, 12 वर्षांपासून डायबेटिस. त्यांच्या रिपोर्टमधे 'ग्रेड वन मेडिकल रीनल डिसीज' असं आलं, किडन्या 10.4 आणि 10.6 सेंमी, क्रिएटिनिन 0.9. तेव्हापासून घरात रडारड. मिस्टर 38 वर्षांचे. पाठदुखीसाठी पंधरा दिवस पेनकिलर घेतल्या, नंतर पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर दोन्ही किडन्या 'स्मॉल इन साइज', 7.9 आणि 8.2 सेंमी, कॉर्टेक्स पातळ, एकोजेनिसिटी वाढलेली, 'सीएमडी लॉस्ट'. क्रिएटिनिन 2.4, बीपी 150/96. त्यांच्या रिपोर्टमधे डिसीज शब्दच नाही आणि त्यांना त्रासही काही नाही, लघवी भरपूर होते. फॅमिली डॉक्टर म्हणाले जुना आजार दिसतोय, नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. मिस्टर म्हणतात पेनकिलरमुळे झालंय, बंद केल्यात, आता होईल ठीक, फारतर चांगल्या मशीनवर परत करू. आधी कुणाला दाखवू? बायोप्सीने कारण कळेल का? आणि किडनी परत मोठी होते का?"
— दोन्ही रिपोर्ट पर्समधे घेऊन फिरणारी

ताई, आधी मिस्टरांना दाखवा, आणि याच आठवड्यात. सासूबाईंचंही बघायचंय पण त्यात महिनाभर इकडेतिकडे झालं तर काही बिघडणार नाही. आता हे असं उलटं का सांगतोय ते नीट सांगतो, कारण डिसीज शब्द एका रिपोर्टमधे आणि घाबरायचं दुसऱ्या रिपोर्टला ही गोष्ट घरच्यांना पटवणं तुमच्याच अंगावर येणार आहे.

मी सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत बसणारा डॉक्टर. दिवसभर जेल लावा, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढंच बोलतो. उजव्या बाजूला प्रोब ठेवला की पडद्यावर लिव्हर दिसतं आणि त्याला चिकटून खाली किडनी. करड्या रंगाचं लिव्हर, त्याच्यापेक्षा किंचित गडद किंवा साधारण तसाच किडनीचा बाहेरचा थर, त्याला आम्ही कॉर्टेक्स म्हणतो, त्याच्या आत त्रिकोणी गडद डाग, ते पिरॅमिड, आणि अगदी मधोमध पांढरा पट्टा, ती आतली चरबी. हा ब्राइटनेस म्हणजेच रिपोर्टमधली एकोजेनिसिटी, ती मोजायचं काही मीटर नसतं आमच्याकडे. किडनी शेजारच्या लिव्हरपेक्षा उजळ आहे का काळी, हे डोळ्यांनी ठरवायचं. कॉर्टेक्स लिव्हरएवढाच उजळ दिसला की ग्रेड वन, लिव्हरपेक्षा जास्त उजळ झाला की ग्रेड टू, आणि मधल्या पांढऱ्या चरबीत मिसळून गेला की ग्रेड थ्री. सगळं ग्रेडिंग म्हणजे एवढंच आहे.

म्हणजे सासूबाईंच्या रिपोर्टमधलं ग्रेड वन हे किडनी किती खराब झाली त्याचं माप नाहीये. किडनीच्या आजाराच्या ज्या स्टेज असतात, एक ते पाच, त्या रक्तातल्या क्रिएटिनिन नावाच्या कचऱ्यावरून काढलेल्या ईजीएफआर, म्हणजे किडन्या किती गाळतात त्या आकड्यावर ठरतात, सोनोग्राफीवर नाही. लोक ग्रेड आणि स्टेज एकच समजतात आणि मग ग्रेड टू म्हणजे स्टेज टू, अर्धं गेलं असा हिशोब करत बसतात. तसं काही नसतं. लिव्हरएवढी उजळ किडनी कितीतरी धडधाकट माणसांत दिसते. शिवाय लिव्हरच फॅटी असेल तर तेच मुळात उजळ झालेलं असतं, मग तुलना कशाशी करणार? अशा वेळी डाव्या बाजूला जाऊन प्लीहेशी ताडून बघावं लागतं. सासूबाईंच्या रिपोर्टमधे लिव्हरच्या ओळीत फॅटी लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर 'लिव्हरएवढी उजळ' याचा अर्थ बदलतो, किडनी वाटते त्याहून जरा जास्तच उजळ असणार. मशीनचा गेन कुणी वाढवून ठेवला तरी चित्र पांढरट येतं, आणि पेशंट बारीक असेल तर सगळंच लख्ख दिसतं. आणि 'मेडिकल रीनल डिसीज' हा आमच्या रिपोर्टमधला ठरलेला शब्दप्रयोग आहे, त्यात आजाराचं नाव काहीच नसतं, फक्त एवढंच म्हणायचं असतं की स्टोन नाही, गाठ नाही, अडथळा नाही, पण पोत जरा वेगळा वाटतोय, रक्त लघवी तपासा. हा शब्द लिहिताना आम्ही पेशंटच्या घरच्यांचा विचार करत नाही हे खरं आहे, करायला हवा.

आता मिस्टरांचं. तिथे उजळपणाबरोबर तीन गोष्टी एकत्र आल्यात, लांबी कमी, कॉर्टेक्स पातळ, आणि आतबाहेरच्या थरांमधला फरक पुसला गेलेला, सीएमडी लॉस्ट म्हणजे तेच. या चौकडीचा अर्थ एकट्या उजळपणापेक्षा फार वेगळा असतो.

मोठ्या माणसाची किडनी साधारण 9 ते 12 सेंमी लांब असते, डावी उजवीपेक्षा किंचित मोठी. उंचीप्रमाणे फरक पडतो, बुटक्या बाईची पावणेनऊ सेंमीची किडनी अगदी छान असू शकते, आणि पन्नाशीनंतर सगळ्यांच्याच किडन्या हळूहळू थोड्या लहान होतात. मिस्टरांची उंची तुम्ही लिहिली नाहीत, पण 38 व्या वर्षी दोन्ही बाजूंना 8 सेंमीच्या आसपास आणि त्यात कॉर्टेक्स पातळ, हे बुटकेपणाच्या खात्यात टाकता येणार नाही.

मोजण्यात चूक झाली असेल का? असा प्रश्न मिस्टर विचारणार आणि तो रास्त आहे. किडनी पोटात जरा तिरकी असते, प्रोब तिच्या लांबीला बरोबर जुळवून धरला नाही तर काप तिरका जातो आणि माप कमी येतं. माझ्याकडूनही झालंय, घाईत एकदा 8.9 लिहिलं आणि शेजारच्या सहकाऱ्याने त्याच पेशंटला कुशीवर वळवून 9.7 मोजलं, तोंड पाडून रिपोर्ट बदलला. तेव्हा अर्धा पाऊण सेंमीचा फरक दोन माणसांत येतोच, 9.3 चं 8.9 झालं म्हणून किडनी आकसली असं म्हणू नये. पण तिरका काप गेला तर लांबी कमी येईल, त्याने कॉर्टेक्स पातळ होत नाही, थर पुसले जात नाहीत आणि रक्तातलं क्रिएटिनिन तर 2.4 होतच नाही. सगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत. त्यामुळे भारी मशीनवर परत करा, पाहिजे तर करा, पण त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टची वेळ पुढे ढकलू नका.

किडनी का आकसते ते समजलं की पेनकिलरचं कोडंही सुटतं. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांचे गाळणारे बारीक गोळे सगळे कॉर्टेक्समधे. गाळणी मेली की तिच्या जागी नवीन येत नाही, तिथे व्रण भरतो, जखमेनंतर कातडीवर येतो तसाच चिवट तंतूंचा. व्रण भरताना ओढून धरतो, आखडतो, म्हणून थर पातळ होतो आणि किडनी लहान. आणि हे तंतू आवाजाच्या लहरी जास्त परतवतात म्हणून ती जागा पडद्यावर उजळ दिसते. म्हणजे मिस्टरांच्या रिपोर्टमधला लहानपणा आणि उजळपणा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच व्रणाच्या दोन खुणा आहेत.

आणि असा व्रण पंधरा दिवसांत भरत नाही हो. पेनकिलरने किडनीला अचानक मार बसला तर ती नेहमीच्याच आकाराची राहते, कधी सुजून जरा मोठीही दिसते, उजळही दिसू शकते. पण आकसून 8 सेंमीवर यायला कितीतरी महिने, बहुतेक वेळा वर्षं जावी लागतात. त्यामुळे फॅमिली डॉक्टर जुना आजार म्हणाले ते त्यांनी याच हिशोबाने म्हटलंय. अचानक बिघडलंय का जुनं आहे, हा प्रश्न जेव्हा पडतो तेव्हा सोनोग्राफीचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच होतो.

तरी मिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के चूक आहे असंही मी म्हणणार नाही, आणि ही गोष्ट अनेकांच्या हातून निसटते. किडनी जुनी आजारी असताना वरून पेनकिलरचा दणका बसला तर दोन्ही एकत्र असू शकतं. मग 2.4 मधला काही भाग जुना आणि काही भाग ताजा. ताजा भाग परत येतो. तुमच्या मिस्टरांचं वय आणि 2.4 धरून हिशोब केला तर ईजीएफआर साधारण 34 ते 35 येतो, म्हणजे तिसऱ्या स्टेजचा खालचा अर्धा भाग. समजा पेनकिलर बंद ठेवून एक दोन आठवड्यांनी परत तपासलं आणि क्रिएटिनिन 1.9 आलं, तर ईजीएफआर 46 च्या आसपास जातो. फरक मोठा आहे ना? मग घरी आनंद होईल, होऊ द्या, पण तेव्हाही कुणी 'बघ, पेनकिलरमुळेच होतं, गेलं' असं म्हणालं तर मान डोलवू नका. आकडा सुधारला तरी किडनी 8 सेंमीचीच राहणार आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हेच, व्रण झालेला भाग परत उगवत नाही, कुठल्याच औषधाने नाही. किडनी मोठी करून देतो म्हणणारी जी औषधं असतात, ज्यात नक्की काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, ती तर अजिबात नकोत, त्यातलीच कित्येक राहिलेल्या गाळण्या मारतात.

उलटही होऊ शकतं, दोन आठवड्यांनी 2.4 चं 2.9 झालं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आकडा इतक्या झपाट्याने चढला तर काहीतरी ताजं चालू आहे असा अर्थ, आणि ते शोधावं लागतं.

लघवी भरपूर होते म्हणून किडनी चांगली, हा समज मी रोज ऐकतो. त्यात गोम अशी आहे की किडनीचं काम पाणी बाहेर टाकणं एवढंच नाही, कचरा गाळणं आणि लघवी दाट करणं हेही तिचंच काम. जुन्या आजारात दाट करायची ताकद आधी जाते, मग तेवढाच कचरा टाकायला जास्त पाणी लागतं, लघवी फिकट, पातळ आणि भरपूर होते, रात्री दोनदा तीनदा उठावं लागतं. विचारा त्यांना, रात्री किती वेळा उठता म्हणून. पुष्कळ पेशंट यावर म्हणतात हो उठतो पण ते तर मी पाणी जास्त पितो म्हणून. लघवी कमी होणं, सूज, मळमळ, दम लागणं ही लक्षणं बहुतेकांना फार उशिरा येतात, ईजीएफआर पंधराच्या आसपास घसरल्यावर. त्रास नाही हे चांगलंच आहे, पण त्यावरून रिपोर्ट खोटा ठरवता येत नाही.

बायोप्सीचं बोलू. तुमचा प्रश्न बरोबर आहे, कारण कळायला हवं असं कुणालाही वाटणार. पण इतक्या आकसलेल्या, पातळ झालेल्या किडनीत सुई घालायला बहुतेक नेफ्रॉलॉजिस्ट तयार होत नाहीत आणि त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यात बीपी 150/96. दुसरं असं की सुईत जो तुकडा येणार त्यात व्रणच दिसणार. आग कशी लागली ते राखेवरून सांगता येत नाही, तसलाच प्रकार. 38 व्या वर्षी दोन्ही किडन्या सारख्या लहान असतील तर गाळण्यांना आतून सूज येणारा एखादा आजार वर्षानुवर्षं गुपचूप चालू असणं ही एक शक्यता, लहानपणी लघवी उलटी किडनीकडे जायची आणि इन्फेक्शन व्हायचं ही दुसरी, त्यात किडनीची कड खडबडीत, खाचा पडलेली दिसते. रिपोर्टमधे कड गुळगुळीत लिहिलीय का इरेग्युलर ते पहा. आणि तिसरी, बीपी.

बीपीचं म्हणजे अंडं आधी का कोंबडी. वाढलेलं बीपी किडनी खातं आणि खराब किडनी बीपी वाढवते. आधी काय झालं ते दरवेळी उलगडत नाही, पण डोळ्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतला आणि हृदयाचा इको केला तर बीपी किती जुनं असावं याचा अंदाज लागतो, हृदयाची भिंत जाड झालेली असली तर ते काल परवाचं बीपी नाही. आईवडील, भाऊबहीण यांच्यात कुणाला किडनीचा त्रास, डायलिसिस, तरुणपणी ऐकू कमी येणं असं काही होतं का हेही विचारून ठेवा. हे सगळं करूनही कारण कागदावर 'अज्ञात' राहू शकतं आणि त्यात डॉक्टर कमी पडले असं नसतं. बरं, कारण नाही कळलं तरी पुढची ट्रीटमेंट बरीचशी तीच राहते.

ती ट्रीटमेंट काय, तर राहिलेल्या गाळण्यांवरचा भार कमी करायचा. अर्ध्याहून जास्त गाळण्या गेल्या की उरलेल्या प्रत्येकीला दुप्पट काम पडतं, आतला दाब वाढतो, त्यातून प्रोटीन गळतं आणि त्याच ताणाने त्याही मरतात. म्हणजे मूळ आजार थांबला तरी घसरण चालू राहते. तेव्हा बीपी 130/80 च्या खाली आणायचं, आणि ते शक्यतो टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या गटातल्या गोळीने, कारण ती गाळणीच्या आतला दाब कमी करते. ही गोळी सुरू केली की एक दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघतात. तेव्हा क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल, 2.0 चं 2.3 वगैरे, आणि घरातलं कुणीतरी म्हणेल गोळीने किडनी बिघडवली, बंद कर. आतला दाब उतरल्यामुळे होणारी ती वाढ असते, साधारण 30 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका. पोटॅशियम चढलं किंवा क्रिएटिनिन त्याहून जास्त वाढलं तर डॉक्टर बघतील काय करायचं ते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन सारख्या गोळ्यांची फळी आहे, नावाने डायबेटिसच्या पण 2020 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात डायबेटिस नसलेल्या किडनीच्या पेशंटनाही फायदा दिसला, त्यामुळे केमिस्टने विचारलं शुगर आहे का म्हणून तर गोंधळू नका. उलट्या जुलाब होऊन पाणी कमी झालं तर या दोन्ही प्रकारच्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या असतात, ते नेफ्रॉलॉजिस्टकडून आधीच विचारून लिहून घ्या, रात्री बारा वाजता कुणाला विचारणार.

पेनकिलर आता कायमच्या बंद, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, सगळ्या. पाठ दुखली तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमधे. कुठेही नवीन डॉक्टरकडे गेलात, दाताच्या सुद्धा, तर क्रिएटिनिन इतकं आहे हे आधी सांगायचं, रंग घालून करायचा सीटी स्कॅन असेल तर नक्कीच.

नेफ्रॉलॉजिस्टकडे जायच्या आधी परत केलेलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, लघवीची साधी तपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो, म्हणजे प्रोटीन किती गळतंय ते, एवढं हातात असलं तर पहिल्याच भेटीत काम होतं. हिमोग्लोबिन का, तर रक्त बनवायचा सिग्नल किडनी पाठवते, ती बरीच वर्षं आजारी असली की रक्त कमी होतं, म्हणजे जुनेपणाचा अजून एक साक्षीदार. आणि घरी आठवडाभर सकाळ संध्याकाळ बीपी लिहून ठेवा, दवाखान्यातलं एकच रीडिंग फसवतं.

पुढे दर तीन महिन्याला सोनोग्राफी करायची गरज नाही. लोक साइज बघायला येतात माझ्याकडे, 7.9 ची 7.8 झाली म्हणून झोप उडवून घेतात, आणि मी आधी म्हटलं तसं एवढा फरक तर मोजण्यातच पडतो. बघायचा तो ईजीएफआर, आणि एकटा आकडा नाही तर तो किती वेगाने उतरतोय ते. एका कागदावर तारीख आणि आकडा मांडत जा. 35 वरून वर्षाला 2 ने उतरत असेल तर 15 वर यायला दहा वर्षं, वर्षाला 8 ने उतरत असेल तर अडीच वर्षं. माणूस तोच, किडनी तीच 8 सेंमीची, पण दोघांचं आयुष्य वेगळं. बीपी आणि गळणारं प्रोटीन ताब्यात ठेवणं म्हणजे ती रेघ आडवी करायचा प्रयत्न. आकडा विसाच्या आसपास आला की डायलिसिस, ट्रान्सप्लांट याचं बोलणं सुरू करतात, आज त्याचा घोर नको. एक बारीक गोष्ट मात्र आजपासून, मिस्टर उजव्या हाताने लिहीत असतील तर रक्त काढायला आणि सलाइनला डाव्या हाताच्या मनगटावरच्या, कोपराच्या शिरा वापरू देऊ नका, शक्यतो तळहाताच्या मागची शीर द्या. कधी काळी गरज पडलीच तर त्याच शिरा लागतात.

आता सासूबाई, त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाहीये. 0.9 क्रिएटिनिनवर त्यांच्या वयाला ईजीएफआर 71 च्या आसपास येतो, उत्तम. पण डायबेटिसची किडनी आणखी एका बाबतीत फसवी असते, ती खराब व्हायला लागली तरी आकाराने मोठी किंवा नॉर्मलच राहते, अगदी पुढच्या स्टेजपर्यंत. तेव्हा 10.5 सेंमी आहे म्हणून सोनोग्राफीच्या भरवशावर राहता येत नाही, जसं ग्रेड वन आहे म्हणून रडायचंही नाही. त्यांचा खरा निकाल लघवीतल्या त्या अल्ब्युमिन रेशोवर लागेल. सकाळच्या पहिल्या लघवीचं सँपल द्या, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नसताना. 30 च्या खाली आलं तर वर्षातून एकदा बघायचं, वर आलं तर तीन ते सहा महिन्यांत अजून दोनदा करून खात्री करायची, तीनपैकी दोनदा वाढलेलं निघालं तर मग त्यांनाही त्याच गोळ्यांचा विचार. 12 वर्षांत ही तपासणी एकदाही झाली नसेल तर आश्चर्य वाटणार नाही मला, शुगर बघतात सगळे, लघवी बघत नाहीत.

आणि ताई, घरातलं कपाट उचका. मिस्टरांची जुनी सोनोग्राफी, नोकरीच्या वेळची मेडिकल तपासणी, कुठल्याही ऑपरेशनच्या आधीचं रक्त, जे सापडेल ते. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावर किडनी 9.5 आणि क्रिएटिनिन 1.2 असेल तर घसरण या पाच वर्षांतली आहे, आणि तेव्हाच 8.3 आणि 2.0 असेल तर तो जुना मुक्काम आहे, वेग मंद आहे, आणि नेफ्रॉलॉजिस्टच्या दृष्टीने ही फार वेगळी बातमी. रिपोर्टचा कागद टिकतो पण सोबतचे काळे फोटो थर्मल पेपरवर असतात, ते वर्षा दोन वर्षांत उडतात, पर्समधल्या उबेने तर लवकरच. ते बाहेर काढा, आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मापाचे आकडे वाचता येतील असे.